तुकडी की शाळा: स्टँडर्ड एरर कोणत्या पातळीवर क्लस्टर करायचा?

प्रश्न: ४० शाळा, प्रत्येक शाळेत ४ तुकड्या, तुकडीत २५ मुलं, म्हणजे एकूण ४,००० विद्यार्थी. सोडत काढून २० शाळांत नवीन वाचन-उपक्रम राबवला. गुण प्रमाणित केलेले आहेत आणि उपक्रमाचा परिणाम ०.१८ येतो. साधा स्टँडर्ड एरर ०.०३२, तुकडीवर क्लस्टर केला तर ०.०७६, शाळेवर केला तर ०.११५. गाईड म्हणतात, मुलं तुकडीत बसतात म्हणून तुकडीच. सहकारी म्हणतो शाळा, कारण मोठी पातळी कधीही सुरक्षित. पण शाळा घेतली तर निकाल उडतो! नक्की काय करू?

उत्तर:

शाळा. तुमच्या सहकाऱ्याचं उत्तर बरोबर आहे, त्यामागचं कारण मात्र चुकीचं आहे. ते कारण धरून चाललात तर पुढच्या एखाद्या अभ्यासात तुम्ही उलट्या बाजूला फसाल, म्हणून थोडं खोलात जातो.

आधी तुमचेच तीन आकडे उलगडून बघू, कारण त्यांत बरंच काही दडलेलं आहे. साध्या स्टँडर्ड एररचा वर्ग ०.००१. प्रत्येक बाजूला २,००० मुलं आहेत, तेव्हा गुणांचा एकूण व्हेरियन्स १ निघतो. गुण प्रमाणित आहेत म्हटल्यावर तो तेवढाच यायला हवा. तुकडीवरच्या आणि शाळेवरच्या स्टँडर्ड एररवरून असंच मागे मागे गणित केलं की या १ ची फोड मिळते: ०.१० शाळाशाळांतल्या फरकाचा, ०.१० एकाच शाळेतल्या तुकड्यातुकड्यांतल्या फरकाचा आणि उरलेला ०.८० एकाच तुकडीतल्या मुलामुलांमधला. शैक्षणिक चाचण्यांत अशी फोड नेहमी दिसते, त्यात काही वावगं नाही.

आता एका शाळेची सरासरी घ्या. तिच्यात किती चढउतार आहे? शाळेचा स्वतःचा भाग पूर्ण ०.१० येतो. तुकडीचा भाग चार तुकड्यांत विभागला जाऊन ०.०२५ होतो. मुलांचा भाग शंभरांत विभागून ०.००८ उरतो. बेरीज ०.१३३. दोन्ही बाजूंना वीस-वीस शाळा, म्हणून फरकाचा व्हेरियन्स २ × ०.१३३ ÷ २० = ०.०१३३ आणि त्याचं वर्गमूळ ०.११५. हाच तुमचा शाळेवरचा आकडा.

तुकडीवर क्लस्टर करताना तुम्ही काय गृहीत धरता, ते याच रीतीने बघा. एका तुकडीच्या सरासरीचा व्हेरियन्स ०.१० + ०.१० + ०.०३२ = ०.२३२, आणि प्रत्येक बाजूला ८० तुकड्या. २ × ०.२३२ ÷ ८० = ०.००५८, वर्गमूळ ०.०७६. म्हणजे शाळेचा ०.१० हा भागसुद्धा ८० स्वतंत्र तुकड्यांत विभागला गेला. प्रत्यक्षात तो फक्त २० वेळा नव्याने येतो. एका शाळेच्या चारही तुकड्यांना तोच मुख्याध्यापक, त्याच वस्तीतली मुलं, परीक्षेच्या दिवशी वीज गेली तर ती चौघींचीही गेली. आणि मुख्य म्हणजे चौघींची चिठ्ठी एकच होती. त्या शाळेचं नाव सोडतीत निघालं तेव्हा चारही तुकड्या एकदमच उपक्रमात आल्या.

क्लस्टरची पातळी ठरते ती या चिठ्ठीवरून. मुलं कुठे बसतात यावरून नाही, आणि गुण कुठल्या पातळीवर सारखे आहेत एवढ्यावरूनही नाही. अबादी, एथी, इम्बेन्स आणि वुलड्रिज यांचा २०२३ चा लेख याच प्रश्नावर आहे. त्यांच्या मांडणीत प्रश्न दोनच: उपक्रम कोणत्या एककाला वाटला गेला, आणि नमुना कोणत्या एककांतून उचलला गेला. त्यांतल्या दुसऱ्या प्रश्नाकडे पुढे येतो.

चिठ्ठीच का, हे मौल्टन यांच्या सूत्रात नेमकं दिसतं. व्हेरियन्स किती पट फुगतो, त्याचा अंदाज असा:

```
1 + (m - 1) × ρx × ρe
```

इथे `m` म्हणजे गटातली मुलं, `ρe` म्हणजे गटातल्या मुलांच्या गुणांतलं साम्य आणि `ρx` म्हणजे त्याच मुलांच्या उपक्रम मिळण्या-न मिळण्यातलं साम्य. लोकांची नजर `ρe` वर खिळलेली असते. पण दोघांचा गुणाकार आहे. `ρx` शून्य असेल तर `ρe` कितीही मोठा असो, फुगवटा येत नाही. समजा, प्रत्येक तुकडीतली निम्मी मुलं सोडतीने निवडून त्यांना एकेकट्याने शिकवणी दिली. मग एकाच तुकडीत दोन्ही प्रकारची मुलं असतात, तुकडीचे फिक्स्ड इफेक्ट घालून साधा रोबस्ट स्टँडर्ड एरर पुरतो, आणि “गुणांत साम्य आहे ना, मग क्लस्टर करा” हा आग्रह निराधार ठरतो. (शिकवणी पाच-पाच जणांच्या गटात, एकेका शिक्षकाकडे दिली असेल तर गोष्ट बदलते. तेव्हा शिकवणी मिळालेल्या बाजूला तो गटच क्लस्टर होतो.)

तुमच्या अभ्यासात शाळेच्या आत `ρx` पूर्ण १ आहे. तो तुकडीच्या आतही १ आहे, आणि गाईडना बहुधा तेवढंच दिसतंय. पण शाळेच्या पातळीवर तो अजूनही १ असताना तुकडीवर थांबायला काही आधार नाही. `ρx` जिथपर्यंत १ आहे तिथपर्यंत वर चढायचं.

यावर एक शंका हमखास येते: मुलांची वाटणी एकेकटी झाली, पण ती तुकड्यांत झाली तर? टेनेसीतला १९८५ साली सुरू झालेला स्टार प्रयोग हे त्याचं उदाहरण. ७९ शाळा, चार वर्षांत मिळून सुमारे ११,६०० मुलं. शाळेच्या आत मुलं आणि शिक्षक सोडतीने लहान तुकडीत, नेहमीच्या तुकडीत किंवा मदतनीस असलेल्या नेहमीच्या तुकडीत टाकले गेले. चिठ्ठी प्रत्येक मुलाची वेगळी असली तरी “लहान तुकडी” ही गोष्ट तुकडीला एकत्रच मिळते, आणि तिच्याबरोबर त्या तुकडीचा शिक्षकही एकच मिळतो. म्हणून तिथे विद्यार्थी हे एकक धरून चालत नाही. निदान तुकडी तरी हवीच. आणखी एक बारकावा: मुलं नंतर तुकडी बदलतात. क्लस्टर आणि उपक्रमाचा रकाना दोन्ही मूळ वाटणीप्रमाणे ठेवा, वर्षअखेरच्या हजेरीपटाप्रमाणे नाही. तुकडी बदलणारी मुलं सोडतीने बदलत नाहीत, आईवडिलांच्या आग्रहाने बदलतात.

आता “मोठी पातळी कधीही सुरक्षित” या वाक्याकडे येतो. तुमचाच डेटा ठेवा, फक्त सोडत बदला: प्रत्येक शाळेत चारपैकी दोन तुकड्यांना उपक्रम, दोघींना नाही. तुलना आता शाळेच्या आतच होते, त्यामुळे शाळेचा ०.१० हा भाग वजाबाकीत उडून जातो. एका तुकडीच्या सरासरीत ०.१० + ०.०३२ = ०.१३२ उरतो. एका शाळेतल्या फरकाचा व्हेरियन्स दोन्ही बाजूंना ०.१३२ ÷ २, मिळून ०.१३२. चाळीस शाळांवर ०.१३२ ÷ ४० = ०.००३३, म्हणजे खरा स्टँडर्ड एरर ०.०५७. तीच मुलं, त्याच शाळा, तेच गुण. सोडत एक पायरी खाली आणल्यावर ०.११५ चा ०.०५७ झाला. (अर्थात, शिक्षक एकमेकांना साहित्य देत असतील तर उपक्रम नसलेल्या तुकड्यांतही तो झिरपतो आणि अंदाजच बिघडतो. त्यावर कुठलंही क्लस्टरिंग औषध नाही.)

या दुसऱ्या रचनेत “सोडत तुकडीची, म्हणून तुकडीवर क्लस्टर” हा नियम डोळे मिटून लावला तर काय होतं ते बघण्यासारखं आहे. शाळेचे फिक्स्ड इफेक्ट न घालता तुकडीवर क्लस्टर केलं तर पुन्हा ०.०७६ येतो, गरजेपेक्षा मोठा, कारण तुलनेतून उडालेला शाळेचा भाग सॉफ्टवेअर अजून मोजतंय. फिक्स्ड इफेक्ट घातले तर सुमारे ०.०५० येतो, आणि हा गरजेपेक्षा लहान आहे! कारण असं: शाळेचा फिक्स्ड इफेक्ट चारच तुकड्यांवरून काढला जातो, म्हणून तो प्रत्येक तुकडीच्या रेसिड्युअलमधला थोडा भाग स्वतःकडे ओढून घेतो. चार तुकड्या असतील तर व्हेरियन्सच्या तीन चतुर्थांशच शिल्लक दिसतो. जोड्या लावून सोडत काढली असेल, म्हणजे जोडीतल्या एकाला उपक्रम आणि दुसऱ्याला नाही, तर निम्माच दिसतो आणि स्टँडर्ड एरर जवळपास ३० टक्क्यांनी कमी येतो. सॉफ्टवेअर या घटीची दुरुस्ती करायला जातं, पण त्याच्या हिशेबी निरीक्षणं ४,००० आणि पॅरामीटर ४१, म्हणून दुरुस्ती नगण्य होते. तोच डेटा तुकडीच्या सरासरीवर आणून १६० ओळींचं रिग्रेशन चालवलं तर दुरुस्ती १६० ÷ ११९, म्हणजे साधारण चार तृतीयांश होते आणि गणित जागेवर येतं.

सोपा मार्ग म्हणजे इथेही शाळेवरच क्लस्टर करायचं. शाळा हाच सोडतीचा गट आहे, आणि तिथे सरासरीने ०.०५७ मिळतो. शेज़मार्तँ आणि रामिरेझ-क्युएयार यांचा जोड्यांच्या व लहान गटांच्या प्रयोगांविषयीचा सल्ला हाच आहे. थोडक्यात, या रचनेत शाळेवर क्लस्टर करण्याचं कारण “मोठं ते सुरक्षित” हे नाही. लहान गटांतले फिक्स्ड इफेक्ट हे कारण आहे. शाळेत चाराऐवजी वीस-पंचवीस तुकड्या असत्या तर ही अडचण जवळपास उरली नसती आणि तुकडी हेच योग्य उत्तर झालं असतं.

इथेच नमुन्याचा तो दुसरा प्रश्न येतो. समजा, उपक्रमाचा परिणाम शाळेगणिक वेगळा आहे, काही शाळांत ०.४, काहींत शून्य, आणि या परिणामांचं प्रमाण विचलन ०.२ आहे. तुमच्या निष्कर्षाचं वाक्य “या ४० शाळांत उपक्रमाने एवढा फरक पडला” असं असेल तर हा फरक अनिश्चिततेत धरायची गरज नाही. त्या ४० शाळा ठरलेल्याच आहेत. वाक्य “अशा शाळांत एवढा फरक पडेल” असं असेल आणि शाळा मोठ्या यादीतून उचललेल्या असतील, तर कुठल्या ४० हाती लागल्या हाही नशिबाचा भाग झाला. तेव्हा ०.००३३ मध्ये ०.०४ ÷ ४० = ०.००१ मिळवा, स्टँडर्ड एरर ०.०६६ होतो. शाळेवरचं क्लस्टरिंग हा भाग आपोआप धरतं. म्हणून निष्कर्षाचं वाक्य आधी लिहून काढा, पातळी नंतर ठरवा. उलट क्रमाने केलं की माणूस नकळत पी-व्हॅल्यू बघून पातळी निवडतो, आणि परीक्षकाला ते लगेच कळतं.

तुमच्या मूळ अभ्यासाकडे परत येतो. कोड चालवण्याआधी एक गोष्ट तपासा. तुकडीच्या रकान्यात नुसतं `A`, `B`, `C`, `D` आहे का? असेल तर त्या रकान्यावर क्लस्टर केल्यावर १६० नव्हे, चारच क्लस्टर होतात: सगळ्या शाळांच्या `A` तुकड्या एक गट, सगळ्या `B` दुसरा. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. आउटपुटमध्ये क्लस्टरची संख्या छापलेली असेल तर ती वाचा, नाहीतर स्वतः मोजा.

```r
library(fixest)
d$tukdi <- paste(d$school, d$section, sep = "_")
length(unique(d$tukdi))    # 160
length(unique(d$school))   # 40
feols(score ~ treat, data = d, cluster = ~school)
```

४० शाळांवर ३९ डिग्रीज ऑफ फ्रीडम धरले तर ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण −०.०५ ते ०.४१ येतो. निकाल उडाला असं मी म्हणणार नाही. परिणाम शून्याच्या आसपास असू शकतो आणि बऱ्यापैकी मोठाही असू शकतो, एवढं हा डेटा सांगतो. तुकडीवरचा २.४ चा टी-आकडा जे जास्तीचं सांगत होता, ते डेटात नव्हतंच.

तो आकडा प्रामाणिकपणे कमी करायचा मार्ग मात्र आहे, आणि तो पातळी बदलण्यात नाही. वरची बेरीज पुन्हा बघा: ०.१० + ०.०२५ + ०.००८. तुकडीत २५ ऐवजी ५० मुलं तपासली असती तरी शेवटचा तुकडा फक्त ०.००४ झाला असता आणि स्टँडर्ड एरर ०.११५ वरून ०.११४ वर आला असता. दुप्पट पेपर तपासून एवढीच कमाई! शाळा ८० असत्या तर तो ०.०८२ झाला असता. आता शाळा वाढवता येणार नाहीत, पण उपक्रमाआधीच्या परीक्षेचे गुण तुमच्याकडे असतील तर ते रिग्रेशनमध्ये घाला: मुलाचे स्वतःचे आणि शाळेची सरासरी, दोन्ही. शाळेचा ०.१० मोठा असण्याचं मुख्य कारण मुळात कोणत्या शाळेत कशी मुलं येतात हेच असतं, आणि आधीचे गुण नेमका तोच भाग टिपतात. तिन्ही भाग निम्मे झाले असं धरा, तर स्टँडर्ड एरर ०.०८२ च्या आसपास येतो, शाळेवर क्लस्टर करूनही. परिणामाचा अंदाजही थोडा हलेल, पण सोडतीच्या रचनेत ते चालतं. आधीचे गुण घालायचे हे विश्लेषणाच्या आराखड्यात लिहिलेलं नसेल तर दोन्ही निकाल शेजारी शेजारी द्या.

काही जण इथे शाळेचे फिक्स्ड इफेक्ट घालायला जातात. तुमच्या रचनेत ते शक्यच नाही. उपक्रम पूर्ण शाळेला मिळालेला असल्यामुळे `treat` हा रकाना शाळेच्या डमींत विरघळून जातो आणि सॉफ्टवेअर तो गाळून टाकतं. मल्टिलेव्हल मॉडेल चालेल, पण त्यात शाळेची पातळी असलीच पाहिजे. फक्त तुकडीचा रँडम इंटरसेप्ट घातला तर तीच ०.०७६ ची चूक दुसऱ्या दाराने आत येते.

४० ही संख्या क्लस्टरसाठी बरी आहे, पण ऐसपैस नाही. शाळांचे आकार फार वेगवेगळे असतील किंवा उपक्रम ४० पैकी सहा-सातच शाळांत असेल तर नेहमीचा क्लस्टर स्टँडर्ड एरर कमी सांगतो. तेव्हा सीआर२ दुरुस्ती वापरा:

```r
library(clubSandwich)
m <- lm(score ~ treat, data = d)
coef_test(m, vcov = "CR2", cluster = d$school,
          test = "Satterthwaite")
```

यात डिग्रीज ऑफ फ्रीडमचा रकाना बघा. तुमच्यासारख्या समतोल रचनेत तो ३८ च्या जवळ येईल. तो ८ किंवा ५ दिसला तर समजा की नावाला ४० क्लस्टर आहेत, प्रत्यक्षात भार दोन-चार शाळांवरच आहे. तिथे वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप किंवा सोडतीचीच पुनरावृत्ती करून काढलेली पी-व्हॅल्यू जास्त भरवशाची.

सोडतीच्या पुनरावृत्तीचा एक फायदा म्हणजे ती मर्यादा उघड दाखवते. आठ शाळांतून चार निवडण्याचे ७० मार्ग आहेत, म्हणून दोन्ही बाजूंची सर्वांत लहान पी-व्हॅल्यू २ ÷ ७०, म्हणजे ०.०२९. सहा शाळांतून तीन निवडण्याचे मार्ग २०, म्हणजे सर्वांत लहान पी-व्हॅल्यू ०.१०. सहा शाळांवर, प्रत्येक शाळेत कितीही मुलं असोत, या पद्धतीने पाच टक्क्यांच्या खाली जाताच येत नाही. असा अभ्यास हाती आला की लोक हळूच तुकडीवर उतरतात, कारण तिथे २४ क्लस्टर दिसतात. सहा शाळा म्हणजे सहाच चिठ्ठ्या. तुकड्या मोजून त्या वाढत नाहीत.

गाईडना समजावताना सूत्रं दाखवू नका. ०.१० + ०.०२५ + ०.००८ ही बेरीज कागदावर मांडा आणि पहिला आकडा किती शाळांत विभागायचा, एवढंच विचारा. शोधनिबंधाच्या पद्धती-विभागात दोन वाक्यं पुरतील: “उपक्रमाची सोडत शाळेच्या पातळीवर काढली असल्यामुळे स्टँडर्ड एरर शाळेवर क्लस्टर केले आहेत. क्लस्टर ४०, त्यांपैकी उपक्रमातल्या शाळा २०.” तुकडीवरचा आकडा तळटीपेतही देऊ नका. परीक्षक विचारतील की मग तो कशाचा अंदाज आहे, आणि त्याला उत्तर नाही.